मजुरीचा दर ३२०, मटेरियलसह १७५०: लहान घराचा चौरस फुटाचा खरा खर्च कसा काढायचा

कोरेगाव तालुक्यातल्या गावात घर बांधायला काढलेल्या मामेभावाचा फोन आला. "दादा, एक मिस्त्री ३२० रुपये फूट मजुरी म्हणतोय. दुसरा कंत्राटदार मटेरियलसकट १७५० म्हणतोय. कुणाला देऊ?"

मी त्याला उलट विचारलं, "फूट म्हणजे कुठला फूट?"

तो गप्प झाला. त्याचं काही चुकलं नव्हतं, कारण दर विचारताना हा प्रश्न कुणीच विचारत नाही. पण ३२० आणि १७५० हे आकडे एकाच फुटाचे नसतील, एकाच कामाचे नसतील, तर त्यांची वजाबाकी करून काहीच कळत नाही. पुढचा हिशेब त्याच्याच घराचा आहे. दर त्याला त्या वेळी मिळाले ते. तुमच्याकडे वेगळे असतील, ते तुम्ही तुमचे घाला. पद्धत तीच राहते.

आधी फूट ठरवा

घर साधं आहे. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, संडास-बाथरूम, तळमजला, वर स्लॅब. बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून बाहेर माप २० बाय ३२, म्हणजे ६४० चौरस फूट. याला बिल्टअप म्हणू. भिंती वजा केल्या की आत चालायला साधारण ५५० फूट उरतात, तो कार्पेट. आणि स्लॅब चारी बाजूंनी दीड फूट बाहेर काढलेला आहे, पावसाचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून. त्यामुळे स्लॅबचं माप होतं २३ बाय ३५, म्हणजे ८०५ चौरस फूट.

एकाच घराचे असे तीन फूट: ५५०, ६४०, ८०५. आपल्याकडचे मजुरीवाले बहुतेक वेळा स्लॅबचं माप धरतात, कारण त्यांची फळी, प्लेटा आणि मेहनत स्लॅबभर लागते. त्यात गैर काही नाही. घरमालक मात्र मनात ६४० धरून बसलेला असतो. ३२० गुणिले ६४० केले तर २,०४,८०० होतात. ३२० गुणिले ८०५ केले तर २,५७,६००. काम अर्धं झाल्यावर हा ५२,८०० रुपयांचा फरक निघाला की भांडण ठरलेलंच.

मटेरियलसहच्या दरात हाच फरक किती मोठा होतो पाहा. १७५० नं ६४० फुटाचे ११,२०,००० होतात आणि ८०५ फुटाचे १४,०८,७५०. पावणेतीन लाखांच्या वर फरक, आणि दर दोन्हीकडे तोच.

म्हणून पहिली पायरी कागदावरची. दोघांकडूनही लिहून घ्या की मोजमाप स्लॅबच्या कडेपासून कडेपर्यंत की भिंतीच्या बाहेरून. जिना मापात आहे की वेगळा? पोर्च अर्ध्या दरानं की पूर्ण? पॅरापेट भिंत त्याच दरात की धावत्या फुटावर? माळा आणि किचन ओटा यांचं काय? मामेभावाच्या दोन्ही माणसांनी स्लॅबचं माप सांगितलं, जिना आणि पॅरापेट त्यातच धरलं. निदान फूट तरी एक झाला.

मी मात्र शेवटचा हिशेब नेहमी बिल्टअपवर आणतो. घरात राहणारा माणूस भिंतीच्या आत राहतो, छज्ज्यावर नाही.

३२० मध्ये नेमकं काय येतं

"मजुरी" या एका शब्दाखाली चार वेगवेगळी कामं विकली जातात. कुणी फक्त आरसीसी करतो, म्हणजे सेंट्रिंग, सळई बांधणी आणि काँक्रीट. कुणी त्यात वीटकाम धरतो. कुणी आतबाहेरचा गिलावाही धरतो. आणि एखादा फरशी बसवण्यापर्यंत जातो, पण असे कमी. म्हणून एक माणूस २२० सांगतो आणि दुसरा ३६० सांगतो तेव्हा पहिला स्वस्त आहे असं लगेच समजू नका. त्याच्या २२० मध्ये गिलावा नसेल तर तो तुम्हाला पुढे वेगळा द्यावाच लागणार.

या मिस्त्रीच्या ३२० मध्ये पाया खोदल्यानंतरचं सगळं गवंडीकाम होतं: फुटिंग, कॉलम, प्लिंथ बीम, वीटकाम, स्लॅब, गिलावा आणि स्लॅबवरचा वीटतुकड्यांचा वॉटरप्रूफिंग कोबा. फरशी, लाईट, नळ, रंग नव्हतं.

याहून बारीक चार गोष्टी विचारायच्या असतात, आणि त्या राहिल्या की पैसे झिरपतात. सेंट्रिंगच्या प्लेटा, टेकू, फळ्या त्याच्या की भाड्यानं तुम्ही आणायच्या? मिक्सर आणि व्हायब्रेटर कुणाचा, त्यातलं डिझेल कुणाचं? बाइंडिंग वायर, खिळे, कव्हर ब्लॉक कुणी द्यायचे? आणि पाणी मारायला माणूस कोण? शेवटच्या प्रश्नाला मिस्त्री नेहमी हसतो आणि म्हणतो, "ते तुम्ही बघा की." तेव्हा ते आपणच बघायचं असतं, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला घरचं कुणी नसेल तर त्या माणसाचे पैसे हिशेबात धरायचे. आमच्या मिस्त्रीकडे प्लेटा, टेकू, मिक्सर स्वतःचा होता. वायर आणि खिळे आमचे, पाणी आमचं.

माल किती लागेल: ठोकताळ्यावर जाऊ नका

चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट, साडेतीन ते चार किलो सळई, हा ठोकताळा तुम्ही ऐकला असेल. ६४० फुटांना त्यानं २५६ पोती सिमेंट येतं. मामेभावानं तसंच धरलं होतं. मी नकाशावरून मोजलं तर ४४० पोती निघाली.

एवढा फरक का? ठोकताळा ढोबळ असतो आणि सहसा दोन-तीन मजली इमारतीच्या आरसीसीवरून आलेला असतो. तिथे पाया एकदाच भरला जातो आणि त्याचा खर्च तीन मजल्यांवर वाटला जातो. पॅरापेट आणि कोबाही वरच्या एकाच स्लॅबला लागतो. तळमजल्याच्या लहान घरात मात्र पूर्ण पाया, पूर्ण पॅरापेट, पूर्ण कोबा त्या एकट्या ६४० फुटांच्या अंगावर पडतो. वर स्लॅब १६५ फूट जास्त आहेच. शेजारच्याचं दुमजली घर १६०० रुपये फुटात झालं म्हणून आपलंही होईल, हा समज इथेच फसतो.

मोजणी अवघड नाही. एका संध्याकाळचं काम आहे. आरसीसीची लांबी, रुंदी, उंची फुटात गुणून घनफूट काढायचे. या घराला ९ बाय १२ इंचाचे १२ कॉलम आहेत. फुटिंग ४ बाय ४ चं, सरासरी सव्वा फूट जाड, म्हणजे एकाला २० घनफूट आणि बाराला २४०. कॉलम पायापासून स्लॅबपर्यंत १६ फूट धरले तर १४४ घनफूट. प्लिंथ बीमची एकूण लांबी १७६ फूट, त्याचे १३२ घनफूट. वरच्या बीमचे, स्लॅबची जाडी वजा करून, ११२. स्लॅब ८०५ फूट, पाच इंच जाड, म्हणजे ३३५. लिंटेल आणि जिन्याचे मिळून १००. सगळं मिळून १०६३ घनफूट.

एम-२० च्या, म्हणजे एकास दीडास तीनच्या काँक्रीटला १०० घनफुटाला साडेबावीस पोती लागतात. झाली २४० पोती. पायाखालचं आणि फरशीखालचं पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, ३६, वीटकामाचा माल ४२, आतबाहेरचा गिलावा ६५, फरशी १५, स्लॅबवरचा कोबा २५, आणि ओटा, पायऱ्या, किरकोळ १७. बेरीज ४४०.

याच पद्धतीनं बाकीचं आलं. सळई २९०० किलो, म्हणजे बिल्टअप फुटाला साडेचार किलो. सळईचा नेमका आकडा मात्र आरसीसी डिझायनरच्या बार बेंडिंग शेड्यूलवरूनच, म्हणजे कुठे कोणती सळई किती लागते त्या यादीवरूनच घ्यावा. ते नसेल तर डिझायनरकडून करून घ्या, त्याची फी एका टनातल्या चुकीच्या खरेदीत निघून जाते. विटा फूटतूट धरून १४,००० (बाहेरच्या भिंती ९ इंची, आतल्या आणि पॅरापेट साडेचार इंची). क्रश सँड साडेदहा ब्रास, गिलाव्याची बारीक वॉश सँड साडेतीन ब्रास, खडी १२ ब्रास, जोत्यात भरायला मुरूम १२ ब्रास.

ब्रासबद्दल एक अडचण सांगून ठेवतो. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि फरशी-गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. गिलाव्याचा दर सांगताना मिस्त्री "ब्रासला इतके" म्हणाला की तो घनफुटाचं बोलत नाहीये.

आणि गाडीवरचा ब्रास मोजल्याशिवाय घेऊ नका. ट्रॉलीच्या आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजायची, गुणायची, १०० नं भागायची. १० बाय ६ ची ट्रॉली पाऊणेदोन फूट भरली तर १०५ घनफूट, म्हणजे ब्रासभर. एकदा माझ्यासमोर आलेल्या ट्रॉलीत पुढे छान टोप केलेला होता आणि मागे फाळक्याजवळ वाळू वीतभर खाली. ड्रायव्हरला खोऱ्यानं पातळी करायला लावली तर उंची सव्वा फूट भरली. म्हणजे ७५ घनफूट. पैसे १०० चे मागत होता. १४ ब्रास वाळूत असा चौथा हिस्सा गेला की तुमचा सगळा काढलेला हिशेब कागदावरच राहतो, आणि मग माणूस म्हणतो की अंदाज चुकला.

आता बेरीज

दर त्या वेळचे, साइटपोच: सिमेंट ३५० रुपये पोतं, सळई ६० रुपये किलो, क्रश सँड ४५०० आणि गिलाव्याची वाळू ६००० रुपये ब्रास, खडी ३५००, मुरूम १५००, वीट ८ रुपये नग. कुणा ओळखीच्याची जुनी यादी हाती आली तर तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधीचा दर तसाच धरू नका.

| बाब | रुपये |
|---|---|
| सिमेंट, ४४० पोती | १,५४,००० |
| सळई, २९०० किलो | १,७४,००० |
| दोन्ही वाळू, १४ ब्रास | ६८,२५० |
| खडी, १२ ब्रास | ४२,००० |
| विटा, १४,००० | १,१२,००० |
| मुरूम, १२ ब्रास | १८,००० |
| फरशी, ओटा, दारं, खिडक्या-ग्रिल, लाईट, नळ-सॅनिटरी, टाकी, रंग यांचा माल | ३,१६,२५० |
| मिस्त्रीची मजुरी, ३२० × ८०५ | २,५७,६०० |
| फरशी, लाईट, नळ, रंग यांची वेगळी मजुरी | १,०१,२५० |
| पाया खोदाईचा जेसीबी | ८,००० |
| पाणी, हमाली, वायर-खिळे | ४०,००० |
| मालावर ५ टक्के नासधूस आणि भाववाढ | ४४,२२५ |
| एकूण | १३,३५,५७५ |

बिल्टअप ६४० नं भागलं तर फुटाला २०८७ रुपये. स्लॅबच्या ८०५ नं भागलं तर १६५९. म्हणजे "३२० च्या मजुरीवर बांधलं" असं जो म्हणतो त्याचं घर प्रत्यक्षात २०८७ रुपये फुटानं पडतं, आणि त्यात मिस्त्रीची मजुरी जेमतेम पाचवा हिस्सा आहे.

बांधकामाबाहेरचं यात काही नाही. सेप्टिक टँक, बोअर, कंपाउंड, नकाशा मंजुरी, वीजमीटर हे वेगळे लिहून ठेवा, फुटाच्या दरात कोंबू नका. ते फुटावर वाढत किंवा घटत नाहीत. ५०० फुटाच्या घरालाही सेप्टिक टँक एकच लागतो.

फिनिशिंगचा ३,१६,२५० चा आकडा मात्र सगळ्यात जास्त हलणारा. सिमेंट, सळई, वाळू यांत हौस चालत नाही, पण फरशी ४५ रुपये फुटाची की ९० ची, दार फ्लशचं की सागवानी, यावर हा आकडा सहज दीडपट होतो. मी फरशी आणि डाडो मिळून ८५० चौरस फूट ४५ नं, दारं सगळी मिळून ६० हजार, खिडक्या ॲल्युमिनियमच्या ग्रिलसकट ५० हजार असं धरलंय. तुमची हौस याहून मोठी असेल तर ती इथेच लिहा, घर झाल्यावर नको.

१७५० चा कंत्राटदार याच्या शेजारी उभा करा

त्याच्या स्लॅब मापावर रक्कम होते १४,०८,७५०. पण त्याच्या यादीच्या शेवटी बारीक अक्षरात होतं: पाणी मालकाचं, खिडक्यांची ग्रिल, छतावरची टाकी आणि जोत्यातला मुरूम वेगळा. आपल्या बेरजेत या चारही गोष्टी आहेत, पाण्याचे २५,०००, ग्रिलचे २०,०००, टाकीचे १२,००० आणि मुरमाचे १८,०००. ते ७५,००० त्याच्या रकमेत घातले की तुलना बरोबरीची होते: १४,८३,७५०.

फरक १,४८,१७५. आपल्या खर्चाच्या साधारण ११ टक्के. हा त्याचा नफा, देखरेख आणि जोखीम. मला हा दर रास्त वाटला, आणि मी भावाला तसं सांगितलंही. पाच-सहा महिने माल मागवायचा, पावत्या सांभाळायच्या, मिस्त्री चार दिवस दुसऱ्या साइटवर पळाला तर त्याच्या मागे फिरायचं, याची किंमत दीड लाख वाटत नसेल तर एकदा करून बघावं.

आता उलटा तपास, जो मी प्रत्येक स्वस्त दरावर करून बघतो. मटेरियलसहच्या दरातून मजुरीचा दर वजा करा. जे उरतं त्यात कंत्राटदारानं सगळा माल आणि बाकीच्या कारागिरांची मजुरी बसवायची आहे. १७५० मधून ३२० गेले, १४३० उरले. ८०५ नं गुणले की ११,५१,१५० रुपये. त्याला लागणारा माल, त्यानं वगळलेली ग्रिल, टाकी, मुरूम सोडून, ८,३४,५००. त्यात वेगळी मजुरी आणि जेसीबी मिळवला की ९,४३,७५०. दोन लाखांच्या वर जागा उरते. त्यातून नासधूस, भाववाढ आणि त्याचा नफा निघतो. दर जिवंत आहे.

याच गावात तिसरा एक जण १३५० रुपये म्हणाला, तीच यादी, तेच माप. १३५० मधून ३२० गेले, १०३०. गुणिले ८०५, ८,२९,१५०. लागणार ९,४३,७५०. म्हणजे नफा सोडाच, माल आणि बाकीच्या मजुरीलाच १,१४,६०० कमी पडतात. कंत्राटदार काही घरचे पैसे घालून तुमचं घर बांधत नाही. ते एक लाख चौदा हजार कुठून तरी निघणार: सळईतून, सिमेंटच्या प्रमाणातून, दारांतून, किंवा स्लॅब पडल्यावर "भाव वाढले, दर वाढवून द्या" या वाक्यातून. मोठा कंत्राटदार माल दुकानदाराकडून थोडा स्वस्त उचलतो हे खरं, पण सिमेंट-सळईत ती सूट काही टक्क्यांची असते. एवढं भगदाड त्यानं भरत नाही.

जीएसटी कुणाच्या माथी

हे बऱ्याच जणांना काम अर्धं झाल्यावर कळतं. एकट्या, स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या कंत्राटावर जीएसटी माफ आहे. मटेरियलसहचं कंत्राट मात्र वर्क्स कॉन्ट्रॅक्ट धरलं जातं आणि कंत्राटदार नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के लागतात. १४,०८,७५० वर ते २,५३,५७५ होतात. १७५० मध्ये ते आहेत की वर, हे एका वाक्यात लिहून घ्या. वर असतील तर आपला दीड लाखाचा फरक एकदम चार लाखांवर जातो, आणि ११ टक्क्यांचा रास्त दर मग ३० टक्क्यांचा होतो. नोंदणीकृत कंत्राटदाराला मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून कर वेगळा लावणाऱ्याचा मूळ दर थोडा खाली यायला हवा. तो मागायला लाजू नका. जो नोंदणीकृतच नाही, त्याला जीएसटीच्या नावानं एक रुपयाही मागता येत नाही.

जमीन फुटात मोजत नाहीत

या सगळ्या हिशेबाला एक मोठी मर्यादा आहे आणि ती जमिनीखाली आहे. मी पाया पाच फुटांवर मुरूम लागतो असं धरलं, कारण शेजारच्या खोदाईत तसा लागला होता. काळ्या मातीत हेच कॉलम आठ-दहा फूट खाली जातात, फुटिंग मोठं होतं, आणि कधी डिझायनर वेगळाच पाया सुचवतो. तळमजल्याच्या घराला हा वाढीव खर्च झेपत नाही, कारण तो वाटून घ्यायला वर मजला नसतो. म्हणून दर ठरवण्याआधी दोन कोपऱ्यांत जेसीबीनं खड्डे घ्या. तासाभराचं भाडं जातं. करारातही लिहा की प्लिंथ बीमखाली अमुक फुटांपर्यंत दरात, त्याखाली घनफुटावर वेगळं.

कोकणात वीट सोडून चिरा आला की वीटकामाची आणि गिलाव्याची सगळी ओळ बदलते. तिथे वरचे आकडे नका लावू, चिऱ्याचे नग मोजा. आणि बँकेच्या कर्जासाठी इंजिनिअरनं करून दिलेलं एस्टिमेट यासाठी वापरू नका. तो कागद कर्जाची रक्कम बसवायला केलेला असतो, माल मोजायला नाही.

ठरल्यावर काय मोजत राहायचं

दोन गोष्टी पुरतात. पहिली सळई. एका मीटरचं वजन किलोत हवं असेल तर जाडीचा मिलिमीटरमधला आकडा स्वतःशी गुणा आणि १६२ नं भागा. १२ मिमीला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८८. बारा मीटरची पूर्ण सळई १०.६६ किलो भरली पाहिजे. मानकात थोडी सूट आहे, पण पन्नास सळयांचा बंडल काट्यावर ५३० च्या ऐवजी ४८० भरला तर तो १२ मिमीच्या नावाखाली हलका माल आहे. नगावर सळई घेऊ नका, काट्याच्या पावतीवर घ्या. मटेरियलसहच्या कंत्राटातही पावती मागा. तिथे हलक्या सळईत वाचलेला प्रत्येक किलो त्याच्या खिशात जातो, म्हणून तिथे तर जास्तच मागा.

दुसरी गोष्ट, स्लॅबच्या दिवशीची रिकामी पोती. स्लॅब ३३५ आणि बीम ११२, मिळून ४४७ घनफूट. शंभराला साडेबावीस धरले की १०१ पोती. संध्याकाळी मिक्सरशेजारच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग मोजायचा.

मामेभावानं शेवटी ३२० चा मिस्त्रीच घेतला, कारण त्याचे वडील निवृत्त आहेत आणि साइटवर दिवसभर खुर्ची टाकून बसायला तयार होते. स्लॅबच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मामांचा फोन आला. अर्ध्याच्या पुढे स्लॅब भरत आला होता आणि रिकामी पोती ४४ च होती. मी म्हटलं, मिक्सरजवळ जा, एका पोत्याला खडीच्या किती पाट्या पडतात ते मोजा. मोजलं तर ठरल्यापेक्षा प्रत्येक मालात दोन-तीन पाट्या जास्त जात होत्या. मिक्सरवरचा पोरगा नवीन होता, घाई होती. मामांनी मिस्त्रीला खाली बोलावलं, पाट्या ठरवून दिल्या आणि खुर्ची उचलून मिक्सरशेजारी आणून ठेवली. संध्याकाळी ढीग मोजला तेव्हा ९६ पोती होती.